खांदा, हुद्दा आणि कापड : गणवेशावरून सैन्य ओळखताना

२७ फेब्रुवारी २०१४ रोजी पहाटे क्रिमियातील सिंफेरोपोल या शहरात सशस्त्र माणसांनी प्रादेशिक संसदेच्या इमारतीचा ताबा घेतला. पुढील काही दिवसांत हिरव्या गणवेशातील, चेहरे झाकलेली अशी माणसे द्वीपकल्पाच्या विमानतळांवर, रस्त्यांवर आणि युक्रेनच्या लष्करी तळांभोवती उभी राहिलेली दिसू लागली. त्यांच्या बाहीवर ध्वज नव्हता, छातीवर नाव नव्हते. वार्ताहर त्यांना विचारीत होते, 'तुम्ही कोणत्या देशाचे?' बहुतेक जण उत्तर देत नव्हते. आणि तरीही जगभरातील जाणकारांनी थोड्याच दिवसांत केवळ छायाचित्रे पाहून त्यांचा देश सांगितला. तो त्यांनी कशावरून सांगितला, हे या लेखात आपण समजून घेणार आहोत.

छायाचित्र हे इतिहासाचे साधन आहे, हे आपण मागे पाहिले आहे. सैनिकाच्या छायाचित्रात देशाविषयी बोलणारे तीन साक्षीदार असतात : खांद्यावरची व बाहीवरची नावे आणि बिल्ले, हुद्द्याची चिन्हे आणि अंगावरचे कापड. तिघांची विश्वासार्हता सारखी नसते. पहिला साक्षीदार स्पष्ट बोलतो, पण त्याला खोटे बोलायला लावणे सर्वांत सोपे असते. दुसरा देशापेक्षा घराणे अधिक सांगतो. तिसरा मुका भासतो, परंतु काही वेळा तोच खरे बोलतो.

खांदा आणि बाही

खांद्याच्या पट्टीच्या टोकाशी किंवा बाहीच्या वरच्या भागात रेजिमेंटचे वा देशाचे नाव लावण्याची प्रथा ब्रिटिश परंपरेतील सैन्यांत जुनी आहे. धातूचे असो वा कापडावर विणलेले असो, त्याला शोल्डर टायटल म्हणतात. ते वाचता आले तर काम जवळजवळ झाले असे वाटते. मात्र त्याच्याखाली बाहीवर बहुधा आणखी एक बिल्ला असतो आणि नवशिका वाचक तिथेच फसतो. हा बिल्ला तो सैनिक ज्या डिव्हिजनमध्ये वा ब्रिगेडमध्ये लढत होता तिचा असतो. त्याला फॉर्मेशन साइन म्हणतात.

एक उदाहरण सविस्तर पाहू. दुसऱ्या महायुद्धातील चौथ्या भारतीय डिव्हिजनचे चिन्ह लाल गरुड होते. उत्तर आफ्रिकेत व पुढे इटलीत ही डिव्हिजन लढली. एखाद्या जुन्या छायाचित्रात बाहीवर लाल गरुड दिसला म्हणजे तो सैनिक भारतीय, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो चुकीचा ठरू शकतो. भारतीय डिव्हिजनच्या ब्रिगेडमध्ये भारतीय पलटणींबरोबर ब्रिटिश पलटणीही असत. इटलीत मॉन्टे कसिनोच्या लढाईत याच डिव्हिजनमध्ये रॉयल ससेक्स रेजिमेंटची पहिली पलटण होती, आणि गुरखा पलटणीही होत्या. म्हणजे तोच लाल गरुड इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील तरुणाच्या, नेपाळच्या डोंगरातून आलेल्या गुरख्याच्या आणि पंजाबातील शिपायाच्या बाहीवर सारखाच दिसतो. गरुड 'हा कोणाबरोबर लढत होता' एवढेच सांगतो. 'हा कोण' याचे उत्तर रेजिमेंटच्या नावात, टोपी-पगडीत आणि चेहऱ्याखालच्या इतर खुणांत शोधावे लागते.

महाराष्ट्रातील अनेक घरांच्या भिंतींवर अशी छायाचित्रे आजही आहेत. पणजोबा इटलीत होते एवढेच घरात ठाऊक असते. मराठा पलटणी तिथे निरनिराळ्या डिव्हिजनमध्ये विभागलेल्या होत्या. ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ते यशवंत घाडगे तिसऱ्या पलटणीचे होते. ही पलटण दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. नामदेव जाधव पहिल्या पलटणीचे होते आणि ती पलटण आठव्या डिव्हिजनमध्ये होती. रेजिमेंट एकच असूनही दोघांच्या बाहीवरचे बिल्ले वेगळे असणार. घरातील छायाचित्रावर रेजिमेंटचे नाव आणि डिव्हिजनचे चिन्ह या दोन्ही गोष्टी वाचता आल्या, तर माणूस कोणत्या पलटणीत असावा हे बरेच अरुंद करता येते. त्यांतील एकच वाचता आली तर थांबावे. उरलेली पोकळी घरच्या आठवणीने भरून काढण्याचा मोह मोठा असतो, आणि असे कितीतरी पणजोबा न पाहिलेल्या लढाया लढलेले आहेत.

आधुनिक गणवेशात बाहीवर राष्ट्रध्वज असतो. त्याचेही काही सापळे आहेत. अमेरिकी सैनिकाच्या उजव्या बाहीवरचा ध्वज उलटा असतो, म्हणजे ताऱ्यांचा निळा चौकोन आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे डावीकडे न दिसता उजवीकडे दिसतो. सैनिक पुढे चालत असताना ध्वज मागे फडफडावा, अशी त्यामागील कल्पना आहे. हे ठाऊक नसलेला वाचक छायाचित्रच उलटे छापले आहे असे समजतो. छायाचित्र खरोखर उलटे आहे का, हे छातीवरच्या नावाच्या पट्टीची अक्षरे वाचून किंवा शर्टाची बटणपट्टी कोणत्या बाजूने वर येते ते पाहून ठरवावे. उभ्या पट्ट्यांच्या ध्वजांत तर उलटेपणाने देशच बदलतो. आयर्लंडच्या ध्वजात काठीकडून हिरवा, पांढरा, नारिंगी असा क्रम आहे. कोत दिव्वार या आफ्रिकी देशाच्या ध्वजात तो नारिंगी, पांढरा, हिरवा असा आहे. छायाचित्र उलटे झाले की डब्लिनचा सैनिक पश्चिम आफ्रिकेचा होतो.

आपल्या तिरंग्याशी गल्लत होण्यासारखा ध्वज नायजर या देशाचा आहे. वर नारिंगी, मध्ये पांढरा, खाली हिरवा अशा आडव्या पट्ट्या, आणि मध्ये गोल आकार. आपल्या ध्वजात तो निळे अशोकचक्र असतो, तर नायजरच्या ध्वजात नारिंगी भरीव वर्तुळ. लांबून काढलेल्या छायाचित्रात मधल्या खुणेचा रंग हाच एक आधार उरतो. त्यातून लढाईच्या गणवेशावर ध्वज फिक्या, काळ्या-हिरव्या छटांत लावण्याची रीत आहे. तिथे रंगच हरवतात, आणि मग ध्वज असूनही नसल्यासारखाच होतो.

हुद्द्याची चिन्हे

हुद्द्याच्या चिन्हांकडे वळू. ही चिन्हे मुळात कोण वरिष्ठ आणि कोण कनिष्ठ हे सांगण्यासाठी असतात, देश सांगण्यासाठी नव्हे. तरीही त्यांतून देश कळतो, कारण प्रत्येक सैन्याने ती कोठून तरी घेतलेली असतात आणि घेताना त्यांत काहीतरी बदललेले असते. वारसा कोणता आणि बदल कोणता, हे दोन प्रश्न विचारावे.

भारत, पाकिस्तान, बांगलादेश यांच्या अधिकाऱ्यांची चिन्हे ब्रिटिश घराण्यातील आहेत. या घराण्यात लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे, कॅप्टनच्या तीन तारे आणि मेजरच्या एक मोठे राजचिन्ह असते. राजचिन्हाबरोबर एक तारा असेल तर लेफ्टनंट कर्नल, दोन असतील तर कर्नल. मेजर जनरलपासून वर आडवी तलवार आणि दंड यांची फुली येते. सांगाडा सर्वत्र असाच आहे. भेद पडतो तो राजचिन्हात. ब्रिटनमध्ये ते चिन्ह म्हणजे मुकुट. भारताने त्याजागी अशोकस्तंभावरचे सिंह घेतले, पाकिस्तानने चंद्रकोर व तारा, बांगलादेशाने शापला म्हणजे कमळिणीचे फूल. तारेही पाहावे. भारतीय तारा पंचकोनी आहे, तर ब्रिटिश तारा चौकोनी बर्फीसारखा. तो एका जुन्या सरदारी सन्मानाच्या पदकावरून घेतलेला आहे. मेजर किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याचा खांदा स्पष्ट दिसत असेल, तर या घराण्यातील देश एका दृष्टिक्षेपात ओळखता येतो. कॅप्टन वा लेफ्टनंट असेल तर राजचिन्हच नसल्यामुळे ताऱ्याच्या आकारावर भिस्त ठेवावी लागते.

येथे काळाचे भान सुटता कामा नये. भारतीय सैन्यातील मुकुट १५ ऑगस्ट १९४७ रोजी उतरला नाही. तो २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाबरोबर गेला. पाकिस्तानही १९५६ पर्यंत राजसत्तेचे अधिराज्यच होते. म्हणून १९४७-४८ च्या काश्मीरच्या युद्धात परस्परांविरुद्ध लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मेजरच्या खांद्यावर एकाच राजाचा मुकुट होता. त्या युद्धातील एखादे शीर्षक नसलेले छायाचित्र हाती आले, तर हुद्द्याचे चिन्ह देशाबाबत गप्प बसते. या विषयात याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

मुकुट गप्प असला तरी निरुपयोगी मात्र नाही. ब्रिटिश छायाचित्रांत तो काळ सांगतो. १९०१ नंतरच्या राजांच्या काळात ट्यूडर मुकुट वापरात होता. त्याच्या कमानी वर गोलाकार फुगलेल्या असतात. राणी एलिझाबेथ यांच्या काळात सेंट एडवर्डचा मुकुट आला. त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. राजे चार्ल्स यांनी पुन्हा ट्यूडर मुकुट स्वीकारला. बटणावरचा मुकुट भिंगाखाली पाहून छायाचित्र १९५२ च्या अलीकडचे की पलीकडचे, याचा अंदाज बांधता येतो.

भारतीय चिन्हांतही घराबाहेरच्या माणसाला चकविणाऱ्या जागा आहेत. सुभेदार मेजर हा अधिकारी नसून ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर असतो, परंतु त्याच्याही खांद्यावर अशोकस्तंभ असतो. मेजरपासून त्याला वेगळा करते ती खांदापट्टीवरील रंगीत फीत. ती फीत अस्पष्ट झाली की छायाचित्राखाली चुकीचा हुद्दा छापला जातो. पोलीस निरीक्षकाच्या खांद्यावर कॅप्टनप्रमाणेच तीन तारे असतात. त्यांच्याजवळ लाल-निळी फीत असते, ती सैन्यात नसते. पोलीस अधीक्षकाच्या खांद्यावर अशोकस्तंभ व एक तारा असतो, म्हणजे ती लेफ्टनंट कर्नलची जुळणी झाली. इथे खांद्याच्या टोकावरील सेवेची आद्याक्षरे वाचली तरच भेद कळतो. केंद्रीय राखीव पोलीस दलासारखी दले छद्मरंगी गणवेशही वापरतात. त्यामुळे 'अशोकस्तंभ आहे आणि कपडे लष्करी आहेत, म्हणून भारतीय सैन्य' हे अनुमान दोन ठिकाणी पोकळ आहे. देश बरोबर येतो, दल चुकते.

परक्या घराण्याची चिन्हे आपल्या डोळ्यांनी वाचली तर चूक अधिक मोठी होते. सोव्हिएत परंपरेत कॅप्टनच्या खांद्यावर चार लहान तारे असतात आणि खांदापट्टीच्या मधून एक उभी रेघ जाते. अमेरिकी परंपरेत चार तारे म्हणजे पूर्ण जनरल. एका बाजूचा कंपनी सांभाळणारा तरुण दुसऱ्या बाजूच्या सवयीने पाहिला तर सेनापती ठरतो. ताऱ्यांची संख्या मोजण्याआधी त्यांचा आकार, पट्टीवरील रेघ आणि मांडणी पाहून घराणे ठरवावे. हवालदाराच्या वा सार्जंटच्या तीन फितींबाबतही हेच लागू पडते. ब्रिटिश आणि भारतीय सैन्यांत फितींची टोके खाली असतात, अमेरिकी सैन्यात वर.

हल्ली छातीवर जाड चिलखती जाकीट आणि त्याचे पट्टे आल्यामुळे खांदा झाकला जातो. म्हणून अनेक सैन्यांनी लढाईच्या गणवेशावरचे हुद्द्याचे चिन्ह छातीच्या मध्यभागी आणले आहे. खांद्यावर काही दिसत नाही म्हणजे चिन्ह काढून टाकले आहे असे लगेच मानू नये.

कापड

तिसरा साक्षीदार म्हणजे छद्मावरणाचे, अर्थात कॅमोफ्लाजचे कापड. सर्वसाधारण वाचक ते रंगावरून ओळखू पाहतो. पण रंगावर भरवसा ठेवू नये. उन्हाने, धुण्याने आणि कॅमेऱ्याने रंग बदलतो. एकाच दिवशी विणलेल्या दोन शर्टांपैकी एक दोन वर्षे वापरला आणि दुसरा पेटीत राहिला, तर छायाचित्रात ते दोन सैन्यांचे भासतील. आकार मात्र पुसट होत नाही. म्हणून डागांची कड कशी आहे, ते केवढे आहेत, आडवे पसरतात की उभे, आणि एकूण रंग किती, हे चार प्रश्न विचारावे.

अमेरिकेचा १९८१ पासूनचा वुडलँड नमुना घ्या. मोठे, वळणदार, स्पष्ट कडांचे डाग, चार रंग. ब्रिटनचा साधारण त्याच्या आधीच्या दशकापासूनचा डीपीएम नमुनाही चाररंगीच आहे, परंतु त्याच्या डागांच्या कडा कुंचल्याने ओढल्यासारख्या फाटलेल्या व ठिपकेदार असतात. जर्मनीच्या फ्लेकटार्नमध्ये पाच रंगांचे लहान गोल ठिपके एकमेकांत मिसळतात, झाडाखालच्या कवडशांसारखे. रशियाच्या २००८ च्या सुमारास आलेल्या नमुन्यात डाग लहान चौकोनांनी बनलेले असतात. त्याला सामान्यतः डिजिटल म्हणतात. भारतीय सैन्याचा नवा लढाईचा गणवेशही असाच डिजिटल आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तो तयार झाला आणि १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी प्रथम दिसला. मराठी वाचकाच्या दृष्टीने यातून एक उपयुक्त कसोटी मिळते : भारतीय सैन्याच्या छायाचित्रावर २०२१ वा त्याआधीची तारीख छापली असेल आणि कापड हे नव्या नमुन्याचे असेल, तर तारीख चुकीची आहे.

कापडाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. कापड विकले जाते, दान केले जाते आणि नकल करून विणले जाते. डेन्मार्कने फ्लेकटार्नवरून आपला नमुना बनवला. इंडोनेशियाने ब्रिटिश डीपीएमवरून. २०१४ नंतर पूर्व युक्रेनमध्ये लढणाऱ्या अनेक युक्रेनी सैनिकांच्या अंगावर जुना ब्रिटिश वा जर्मन गणवेश होता, कारण स्वयंसेवकांनी तो बाजारातून आणून दिलेला होता. त्या छायाचित्रांवरून 'जर्मन सैनिक युक्रेनमध्ये' अशा बातम्या उठवता आल्या असत्या. पुढे दोन्ही बाजू जवळपास सारख्याच नमुन्याचे कपडे वापरू लागल्या. तेव्हा आपला कोण हे ओळखण्यासाठी बाहीभोवती रंगीत चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत पडली. युक्रेनच्या बाजूस पिवळी, निळी, हिरवी, आणि रशियाच्या बाजूस मुख्यतः पांढरी किंवा लाल. विसाव्या-एकविसाव्या शतकांत कापडावर एवढा खर्च करून अखेर ओळख पटवायला चिकटपट्टीच लागावी, हे थोडे गमतीचे आहे. तेथे उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्यात गंमत वाटली नसणार.

क्रिमिया : पुरावा कसा जुळवला गेला

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे येऊ. पहिला साक्षीदार काढून टाकलेला होता. ध्वज नाही, नाव नाही. दुसराही नाही, कारण हुद्द्याची चिन्हे दिसत नव्हती. उरले कापड आणि त्याच्यासोबत येणारी सामग्री.

कापड चौकोनी ठिपक्यांचे रशियन डिजिटल नमुन्याचे होते. त्या वेळच्या युक्रेनी सैन्यात प्रामुख्याने सोव्हिएत काळातील तीन रंगांच्या, वेड्यावाकड्या कडांच्या डागांचे कापड चालत असे. त्यामुळे हे युक्रेनचे सैनिक असण्याची शक्यता कमी झाली. पण एवढ्यावर 'रशियन सैन्य' असे म्हणता येत नव्हते, आणि हा आक्षेप रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनीच घेतला. ४ मार्च २०१४ च्या पत्रकार परिषदेत पुतिन यांनी सांगितले की ही स्थानिक स्वसंरक्षण दले आहेत, आणि असे कपडे जुन्या सोव्हिएत प्रदेशात कोणत्याही दुकानात मिळतात. हेतू काहीही असो, तर्क म्हणून हा आक्षेप योग्य होता. आपणही आत्ताच म्हटले की कापड विकले जाते.

म्हणून जाणकारांनी कापडावर न थांबता पुढची पायरी घेतली. जी वस्तू दुकानात मिळत नाही अशी काही छायाचित्रात आहे का, हे त्यांनी शोधले. पेचेनेग नावाची मशीनगन काही हातांत दिसत होती. ती रशियन सैन्याची होती, युक्रेनच्या नव्हे. टायगर जातीच्या रशियन चिलखती मोटारी दिसत होत्या, त्याही युक्रेनच्या सैन्यात नव्हत्या. काही वाहनांवर रशियन लष्करी क्रमांकाच्या पाट्या तशाच राहिल्या होत्या. शिरस्त्राणे आणि जाकिटे एकाच साच्याची होती. याशिवाय ही एकसारखी सामग्री वेगवेगळ्या शहरांत एकाच वेळी दिसत होती. एका माणसाने दुकानातून शर्ट आणला असेल. शेकडो माणसांनी एकाच नमुन्याचा शर्ट, एकाच जातीचे शिरस्त्राण आणि लष्करी पाटी असलेली चिलखती मोटार दुकानातून आणली, हे मानणे कठीण होते.

या अनुमानाची रचना नीट पाहा. कोणतीही एक वस्तू निर्णायक नव्हती. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र निर्दोष स्पष्टीकरण देता आले असते. पण त्या सगळ्या स्पष्टीकरणांना एकाच वेळी खरे ठरवणे अवघड होते. यालाच आपण पुराव्यांची जुळणी म्हणतो. एक पुरावा दुसऱ्याची नक्कल नसला पाहिजे, ही तिची अट. शर्ट आणि पँट हे दोन पुरावे नव्हेत, कारण ते एकत्र विकले जातात. शर्ट आणि वाहनाची पाटी हे दोन पुरावे आहेत.

१७ एप्रिल २०१४ रोजी पुतिन यांनी दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात मान्य केले की स्वसंरक्षण दलांच्या पाठीशी रशियाचे सैनिक उभे होते. त्यापूर्वी रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने 'क्रिमियाच्या परतीसाठी' असे पदकही काढले होते. त्यावर कोरलेला काळ २० फेब्रुवारी ते १८ मार्च २०१४ असा आहे.

आता प्रश्न उरतो की चिन्हे का काढली गेली. युद्धाच्या नियमांचे १९०७ चे हेग नियम लष्करेतर दलांनाही दुरून ओळखता येईल असे निश्चित चिन्ह लावण्याची अट घालतात. शत्रूचे लष्करी चिन्ह वा गणवेश यांचा गैरवापर तेच नियम निषिद्ध ठरवतात. डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या लढाईत ओटो स्कोर्झेनी यांच्या तुकडीतील जर्मन सैनिक अमेरिकी गणवेशात शत्रूच्या मागील भागात शिरले. त्यांतील पकडले गेलेले काही जण हेर म्हणून गोळ्या घालून मारले गेले. क्रिमियातील माणसांनी शत्रूचा वेश घेतला नव्हता. त्यांनी आपला वेश कायम ठेवून त्यावरचे नाव तेवढे खरवडले होते. त्यामुळे निदान काही आठवडे तरी 'हे आमचे नाहीत' असे म्हणायला जागा राहिली, आणि समोरच्या तळांवरील युक्रेनी अधिकाऱ्यांना आपल्या दारात कोणाचे सैन्य उभे आहे हे अधिकृतपणे सांगता येत नव्हते.

अशा छायाचित्राविषयी लिहिताना वाक्यरचनाही पुराव्याइतकी मोजून करावी लागते. मार्च २०१४ मध्ये योग्य वाक्य असे होते : 'चिन्हविरहित सशस्त्र पुरुष, कापड, शस्त्रे व वाहने रशियन सैन्याची दिसतात.' एप्रिलनंतर 'रशियाचे सैनिक' असे लिहिता येते. दोन्ही वेळा छायाचित्र तेच आहे, त्यात एकही ठिपका बदललेला नाही.

स्वाध्याय

१. एका छायाचित्राच्या मागे 'आजोबा, इटली, १९४४' एवढेच लिहिलेले आहे. बाहीवर लाल गरुड आहे, रेजिमेंटचे नाव वाचता येत नाही, खांद्यावर मुकुट आहे. या छायाचित्राविषयी तुम्ही निश्चितपणे कोणती विधाने कराल आणि कोणती टाळाल? खांद्यावर मुकुटाऐवजी पंचकोनी तारे असते, तर मागील मजकुराविषयी कोणती शंका घ्याल?

२. वर्तमानपत्रातील एका अलीकडच्या छायाचित्रात सैनिकाच्या उजव्या बाहीवर हिरवा, पांढरा, नारिंगी असा उभ्या पट्ट्यांचा ध्वज आहे आणि डोक्यावर संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी आहे. देश ठरवण्यापूर्वी छायाचित्रात आणखी कोणत्या दोन गोष्टी तपासाल, आणि त्या एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे कशावरून म्हणाल?